शिल्लक दिसत होती, तरी हप्ता परत का गेला? स्टेटमेंटमधल्या दोन तारखा, उलट नोंदी आणि तपशिलातली अक्षरं

तक्रार दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येते. स्टेटमेंटवर चाळीस-पंचेचाळीस हजार शिल्लक छापलेली आहे, साडेबारा हजारांचा हप्ता परत गेला आहे आणि वर पाचशे नव्वद रुपये कापले आहेत. माणूस शाखेत जाऊन शिल्लकेच्या रकान्यावर बोट ठेवतो. समोरचा कर्मचारी सांगतो, "पैसे नव्हते." दोघंही खरं बोलत असतात, फक्त दोघं वेगवेगळ्या तारखेचा रकाना वाचत असतात.

बहुतेक स्टेटमेंटमध्ये तारखेचे दोन रकाने असतात. एक `Txn Date`, `Date` किंवा `Post Date` या नावाचा. दुसरा `Value Date` किंवा `Value Dt`. काही बँका दोन्ही शेजारी छापतात, तर काही बँका दुसरी तारीख संदर्भ क्रमांकानंतर देतात, त्यामुळे ती नजरेतून सुटते. छापील पासबुकात जागेअभावी बहुधा एकच तारीख असते. म्हणून हा घोळ पासबुकावरून सोडवायला बसू नका. नेट बँकिंगवरून दोन्ही तारखा असलेलं स्टेटमेंट उतरवून घ्या.

व्यवहार दिनांक म्हणजे बँकेने ती रक्कम आपल्या वहीत ज्या दिवशी लिहिली तो दिवस. मूल्य दिनांक म्हणजे ती रक्कम ज्या दिवसापासून तुमची, किंवा तुमच्याकडून गेलेली, धरली जाते तो दिवस. व्याज मूल्य दिनांकाने मोजतात. यूपीआय, आयएमपीएस, रोख भरणा यांत दोन्ही तारखा सहसा एकच असतात, त्यामुळे वर्षानुवर्षं फरक जाणवत नाही. तो जाणवतो तीन ठिकाणी: चेक भरल्यावर, एखादी नोंद उलटवल्यावर आणि बँकेने शुल्क मागाहून लावल्यावर.

आणि सगळा गोंधळ होतो तो एका गोष्टीने: शेवटचा शिल्लकेचा रकाना व्यवहार दिनांकाच्या क्रमाने चालतो. नोंदी वहीत जशा पडत गेल्या तशी बेरीज-वजाबाकी होत जाते. मूल्य दिनांक पुढचा असला, तरी ती रक्कम शिल्लकेत आधीच मिसळलेली दिसते.

एक उतारा, ओळीओळीने

नोव्हेंबर 2025 चा हा नमुना बघा. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण तारखांचा पेच खराच त्या आठवड्यातला आहे. 3 तारखेच्या अखेरीस खात्यात 6,350 रुपये होते.

```
Txn Date  Value Date  Narration              Debit     Credit    Balance
04/11/25  06/11/25    CHQ DEP 004512                 40,000.00  46,350.00
05/11/25  05/11/25    ACH D- XYZ FIN     12,480.00              33,870.00
05/11/25  05/11/25    ACH D RTN- XYZ FIN             12,480.00  46,350.00
07/11/25  05/11/25    ACH RTN CHG 051125    590.00              45,760.00
```

4 नोव्हेंबर मंगळवार होता. चेक दुपारी साडेचारला शाखेत दिला. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेकची वटवणूक दिवसभर सलग चालते. तेव्हा सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळात सादर झालेल्या चेकचं उत्तर समोरच्या बँकेने त्याच संध्याकाळी 7 पर्यंत द्यायचं होतं. आपला चेक त्या वेळेनंतर आला, म्हणजे तो पुढच्या कामाच्या दिवशी जाणार. पुढचा दिवस, बुधवार 5 नोव्हेंबर, गुरुनानक जयंतीचा. महाराष्ट्रात बँकांना सुटी. म्हणून चेक गुरुवारी, 6 तारखेला सादर झाला आणि मूल्य दिनांक 6 पडला.

या बँकेने चेक घेतला त्याच दिवशी वहीत जमा दाखवला आणि मूल्य दिनांक पुढचा ठेवला. सगळ्या बँका असं करत नाहीत. कित्येक बँका चेक वटेपर्यंत शिल्लकेला हातच लावत नाहीत, आणि मला तीच पद्धत बरी वाटते, कारण तिथे हा गैरसमज जन्मालाच येत नाही. तुमची बँक कोणत्या पद्धतीने लिहिते हे एकदा जुन्या चेकच्या नोंदीवर बघून ठेवा. दोन तारखांत एक-दोन दिवसांचं अंतर दिसलं, तर ती या नमुन्यातल्यासारखी बँक आहे.

हप्त्याला मात्र सुटी नसते. हप्ता ज्या यंत्रणेतून कापला जातो ती नाच नावाची व्यवस्था 1 ऑगस्ट 2021 पासून रविवारी आणि सुटीच्या दिवशीही चालते. त्यामुळे 5 तारखेला मागणी आली, तेव्हा खात्यात वापरता येण्याजोगे फक्त 6,350 रुपये होते. 12,480 ची मागणी परत गेली. बँकेने आधी ती नावे टाकली आणि मग त्याच दिवशी जमा करून उलटवली, म्हणून दोन ओळी दिसतात. काही बँका या दोन्ही ओळी छापतच नाहीत. तिथे एकटं शुल्क दिसतं आणि माणूस आणखीच चक्रावतो.

शुल्काची ओळ 7 तारखेला पडली, पण मूल्य दिनांक 5 आहे. म्हणजे बँकेने ती दोन दिवसांनी लिहिली आणि 5 तारखेपासून लागू केली. तपशिलातलं `051125` हे शुल्क कोणत्या दिवसाचं आहे ते सांगतं. हा आकडा न वाचल्यामुळे लोक 7 तारखेचा परत गेलेला व्यवहार शोधत बसतात, आणि तो सापडत नाही.

खरी शिल्लक स्वतः काढायची कशी

स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवा. पीडीएफवरून आकडे चिकटवू नका. त्यात ओळी सरकतात आणि लांब तपशील दोन ओळींत तुटतो. समजा A रकान्यात व्यवहार दिनांक, B मध्ये मूल्य दिनांक, D मध्ये नावे आणि E मध्ये जमा आहे. I1 या चौकटीत सुरुवातीची शिल्लक लिहा, H2 मध्ये हवी ती तारीख लिहा आणि शेजारी हे सूत्र टाका:

```
=$I$1+SUMIFS(E:E,B:B,"<="&H2)-SUMIFS(D:D,B:B,"<="&H2)
```

वरच्या उताऱ्यावर 5 नोव्हेंबर ही तारीख दिलीत, तर उत्तर 5,760 येतं: 6,350 मधून 12,480 गेले, 12,480 परत आले, 590 गेले. 6 नोव्हेंबर दिलीत तर 45,760. छापील रकान्यात 5 तारखेला 46,350 दिसत होते. या दोन आकड्यांतला फरक हेच तक्रारीचं उत्तर आहे.

सूत्र शून्य किंवा भलताच आकडा देत असेल, तर दोष बहुधा तारखांत असतो. बँकेच्या फाइलमध्ये तारीख पुष्कळदा अक्षरांच्या स्वरूपात येते. दिसायला तारीख, पण एक्सेलच्या लेखी तो नुसता मजकूर. `=ISNUMBER(B2)` करून बघा. उत्तर `FALSE` आलं, तर तो रकाना निवडून `Text to Columns` मध्ये जा आणि तारखेचा क्रम `DMY` निवडा. हे न करता संगणकावर तारीख अमेरिकी क्रमाने वाचली गेली, तर 05/11 चा 11 मे होतो, आणि ही चूक 12 तारखेपर्यंतच्या नोंदींतच होत असल्याने पटकन कळत नाही. रकमांतही तेच बघा. स्वल्पविराम किंवा मागे चिकटलेलं `Cr` असेल, तर ती रक्कम बेरजेत येत नाही.

आणखी एक काळजी. स्टेटमेंट बरोबर एक तारखेपासून काढू नका, आठवडाभर आधीपासून काढा. महिनाअखेरीला भरलेला चेक 31 तारखेला वहीत आणि 2 तारखेचा मूल्य दिनांक घेऊन बसलेला असेल, तर तुमची सुरुवातीची शिल्लकच फुगलेली असते आणि पुढचं सगळं गणित त्या रकमेने चुकतं.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. मूल्य दिनांकात वेळ नसते. पगार 5 तारखेला दुपारी तीनला जमा झाला आणि हप्त्याची मागणी सकाळीच येऊन परत गेली, तर दोन्हींचा मूल्य दिनांक 5 च असेल आणि आपलं सूत्र पैसे पुरेसे होते असं सांगेल. तिथे बँकेच्या एसएमएसवरच्या वेळा जुळवूनच बघावं लागतं. म्हणून हप्त्याच्या खात्यात पैसे आदल्या संध्याकाळी असले पाहिजेत, आणि तेही चेकचे नव्हे. हप्त्याची तारीख 5 असेल तर शेवटच्या क्षणीची भर आयएमपीएसने किंवा यूपीआयने टाका.

दुसरी मर्यादा रोखून ठेवलेल्या रकमेची. आयपीओसाठी अर्ज केला की तेवढी रक्कम खात्यात अडकवली जाते, पण कापली जात नाही. त्याची ओळ स्टेटमेंटमध्ये पडत नाही आणि शिल्लकही कमी होत नाही. ती दिसते फक्त अ‍ॅपमधल्या `Available Balance` या आकड्यात. छापील शिल्लक आणि हा आकडा वेगळा असेल, आणि चेक वाटेत नसेल, तर अशी अडकवलेली रक्कम शोधा.

व्याजात याने किती फरक पडतो

बचत खात्यात फार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. 1 एप्रिल 2010 पासून बचत खात्याचं व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजलं जातं. वरच्या उदाहरणात 40,000 रुपयांचं दोन दिवसांचं व्याज, अडीच टक्के दराने, साडेपाच रुपयांच्या आत राहतं. त्यासाठी शाखेत हेलपाटा घालू नका.

कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्टच्या खात्यात मात्र हीच गोष्ट खिशाला लागते, कारण तिथे व्याज तुम्ही देता. दुकानदाराने शुक्रवारी संध्याकाळी पाच लाखांचा चेक भरला आणि मूल्य दिनांक सोमवारचा पडला, तर शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांचं व्याज चालूच राहतं. 11 टक्क्यांनी ते 452 रुपये होतं. असे चेक महिन्यात दहा येत असतील, तर आकडा साडेचार हजारांवर जातो. वहीत शुक्रवारी जमा दिसतं म्हणून व्याज थांबलं असं समजणारे व्यापारी महिनाअखेरीला व्याजाच्या आकड्यावरून बँकेशी वाद घालतात. त्याऐवजी वरचंच सूत्र वापरून रोजची शिल्लक काढा, प्रत्येक दिवसाच्या नावे शिल्लकेला दराने गुणून 365 ने भागा आणि बेरीज करा. रुपया-दोन रुपयांच्या फरकाने बँकेचा आकडा यायला हवा. तसा आला नाही, तर वाद घालायला ठोस कारण मिळालं.

उलट नोंद, परतावा आणि परत गेलेला व्यवहार

पुढच्या तीन ओळी त्याच खात्यातल्या.

```
Txn Date  Value Date  Narration              Debit     Credit    Balance
08/11/25  08/11/25    UPI/DR/531278146203  2,150.00             43,610.00
08/11/25  08/11/25    UPI/DR/531279903318  2,150.00             41,460.00
10/11/25  08/11/25    UPI/REV/531278146203           2,150.00   43,610.00
```

दुकानात पैसे दिले, फोनवर व्यवहार अयशस्वी आला, पण खात्यातून रक्कम गेली. पुन्हा पाठवले, ते पोचले. दोनदा कापले गेले म्हणून घबराट होते. 10 तारखेची ओळ बघा. `REV` म्हणजे मूळ व्यवहार पूर्ण झाला नाही म्हणून यंत्रणेने रक्कम आपोआप परत केली. मूल्य दिनांक 8 आहे, म्हणजे हिशोबापुरते पैसे खात्यातून गेलेच नव्हते. चांगल्या उलट नोंदीची खूण हीच: रक्कम पैशापैशापर्यंत तीच, संदर्भ क्रमांक तोच आणि मूल्य दिनांक मूळ व्यवहाराचा. बँकेने मूल्य दिनांक परतीच्या दिवसाचा टाकला असेल, तर मधल्या दिवसांचं व्याज तुम्ही गमावलंत.

जोडी जुळवताना रकमेवरून जुळवू नका, संदर्भ क्रमांकावरून जुळवा. इथे दोन्ही रकमा सारख्याच आहेत, आणि परत आली ती पहिली, दुसरी नव्हे. दुकानदाराशी बोलताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. त्याला मिळालेल्या पैशाचा क्रमांक `531279903318` आहे.

हा बारा आकडी क्रमांक स्वतःच थोडं बोलतो. नेहमीच्या रचनेत त्याचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. 5 म्हणजे 2025, आणि 312 म्हणजे तीनशे बारावा दिवस, 8 नोव्हेंबर. समजा डिसेंबरमध्ये एखादी `REV` ओळ आली आणि ती कशाची हे आठवत नाही, तर हे चार आकडे वाचून थेट त्या तारखेच्या पानावर जाता येतं.

परतावा ही वेगळी गोष्ट. व्यवहार पूर्ण झाला होता, मग दुकानदाराने माल परत घेतला किंवा ऑर्डर रद्द झाली. त्याने नव्याने पैसे पाठवले. तपशिलात बहुधा `REFUND` असतं, क्रमांक नवा असतो आणि मूल्य दिनांक जमा झाला त्या दिवसाचा असतो. त्यात काही चूक नाही, कारण मधल्या काळात पैसे खरोखरच दुकानदाराकडे होते. अशा वेळी बँकेकडे तक्रार करून उपयोग होत नाही. विचारायचं ते दुकानदाराला.

तिसरा प्रकार परत गेलेल्या व्यवहाराचा, `RTN` किंवा `RET`. यात कुणीतरी नकार दिलेला असतो: शिल्लक नाही, सही जुळत नाही, खातं बंद आहे. उलट नोंदीला शुल्क लागत नाही, परत गेलेल्या व्यवहाराला लागतं. हप्त्याच्या परतीच्या ओळीत कारणाचा आकडा छापलेला असेल तर तो बघा. नाच व्यवस्थेत 04 म्हणजे शिल्लक अपुरी.

चेकच्या परतीत एक शब्द हमखास फसवतो. `I/W RTN` किंवा `INWARD RETURN` म्हणजे तुम्ही दिलेला चेक परत गेला. `O/W RTN` किंवा `OUTWARD RETURN` म्हणजे तुम्ही भरलेला, दुसऱ्याचा चेक परत आला. ऐकायला नेमकं उलटं वाटतं, कारण शब्द बँकेच्या बाजूने आहेत. तुम्ही कुणाला चेक दिलात की तो वटायला तुमच्या बँकेत आत येतो, म्हणून तो इनवर्ड. दोन्हींचं शुल्क वेगळं असतं आणि परिणामही फार वेगळे. तुमचा चेक परत गेला असेल तर समोरचा कायदेशीर नोटीस देऊ शकतो. त्यामुळे ही ओळ नीट वाचल्याशिवाय पान उलटू नका.

व्यापाऱ्यांनी आणि त्यांचे हिशोब लिहिणाऱ्यांनी आणखी एक बघावं. उलट नोंद विरुद्ध बाजूच्या रकान्यात पडते, म्हणून महिन्याची एकूण जमा आणि एकूण नावे दोन्ही फुगतात. वरच्या सात ओळींत जमेची बेरीज 54,630 येते, पण बाहेरून खरोखर आलेली रक्कम फक्त 40,000 आहे. जमेची सरळ बेरीज उलाढाल म्हणून धरली, तर न केलेली विक्री कागदावर येते. काही सहकारी बँकांच्या उताऱ्यात उलट नोंद त्याच रकान्यात उणे चिन्हाने येते. तिथे बेरीज बरोबर राहते, पण उणे चिन्ह नजरेतून सुटलं तर तीच रक्कम पुन्हा गेल्यासारखी वाटते.

तपशिलातली अक्षरं

देशभर एकच कोश नाही. प्रत्येक बँक आपापली अक्षरं वापरते, म्हणून पाठांतर करण्यापेक्षा ओळीची बांधणी ओळखा. बहुतेक ओळी तिरप्या रेघांनी किंवा आडव्या छोट्या रेघांनी तुटतात आणि क्रम साधारण असा असतो: कोणत्या मार्गाने, जमा की नावे, संदर्भ क्रमांक, समोरच्याचं नाव, त्याची बँक, आणि शेवटी पाठवणाऱ्याने लिहिलेला शेरा. यातलं नाव सर्वांत कमी भरवशाचं, कारण ते मध्येच तुटतं आणि दुकानाच्या पाटीवरचं नाव व खातेदाराचं नाव वेगळं असू शकतं. भरवसा क्रमांकावर ठेवा.

जुन्या वळणाच्या उताऱ्यांत ओळ `TO` किंवा `BY` ने सुरू होते. `TO TRANSFER` म्हणजे खात्यातून गेले, `BY TRANSFER` म्हणजे आले. खतावणीत नावेच्या बाजूला `To` आणि जमेच्या बाजूला `By` लिहिण्याची जी पद्धत आहे, तीच इथे उतरली आहे. `BY` पुढचं नाव वाचून लोक त्या माणसाने पैसे काढले असा अर्थ लावतात, तो चूक.

हप्ते, एसआयपी, विमा यांच्या ओळींत `ACH`, `NACH` किंवा जुन्या सवयीने `ECS` असतं. त्यापुढचं `D` म्हणजे कापले, `C` म्हणजे जमा. शेअरचा लाभांश `ACH C` असा येतो. एटीएमच्या ओळीत स्वतःच्या बँकेचं यंत्र आणि परक्या बँकेचं यंत्र यांना वेगळी अक्षरं असतात. एचडीएफसी बँकेत ती `ATW` आणि `NWD`. आयसीआयसीआय बँकेच्या उताऱ्यात `MMT` दिसलं तर ते आयएमपीएस, आणि `BIL` म्हणजे नेट बँकिंगवरून भरलेलं बिल किंवा पाठवलेले पैसे. पुष्कळ बँका ही यादी स्टेटमेंटच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत देतात. ते पान छापायचं टाळू नका.

आरटीजीएसचा क्रमांक बावीस अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं पैसे पाठवणाऱ्या बँकेची, मग `R`, मग व्यवहार कोणत्या मार्गाने पाठवला ते सांगणारं एक अक्षर, मग आठ आकड्यांत वर्ष-महिना-दिवस आणि शेवटी आठ आकडी अनुक्रम. `SBINR52025110712345678` असा क्रमांक असेल, तर तो 7 नोव्हेंबर 2025 चा आहे हे न विचारता कळतं.

अनोळखी लहान रक्कम कापलेली दिसली, तर तिला 1.18 ने भागा. शुल्कावर 18 टक्के जीएसटी असतो, त्यामुळे भागाकार गोल आकडा आला की ते बँकेचं शुल्क आहे हे जवळजवळ पक्कं. 590 चे 500 होतात, 295 चे 250, 118 चे 100. 27.14 चे 23 होतात, आणि ते मोफत मर्यादेनंतर एटीएम वापरल्याचं शुल्क आहे; 1 मे 2025 पासून त्याची कमाल मर्यादा 23 रुपये आहे. भागाकार गोल येत नसेल, तर ती रक्कम बहुधा विमा किंवा वर्गणी असते. मे अखेरीला कापले जाणारे 436 आणि 20 रुपये हे जीवन ज्योती आणि सुरक्षा बीमा योजनांचे वार्षिक हप्ते. कुणी फसवणूक केली म्हणून कार्ड बंद करण्याआधी हे तपासा.

शुल्क चुकून लागलं होतं आणि बँकेने ते उलटवलं, तर दोन ओळी शोधा: शुल्काची आणि जीएसटीची. 500 परत येतात आणि 90 राहून जातात, असं होतं.

उलट नोंद आलीच नाही तर

रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात मुदती ठरवून दिल्या आहेत. यूपीआयने किंवा आयएमपीएसने माणसाला पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला यूपीआयने दिलेले, आणि एटीएममधून न निघालेली पण कापलेली रोख, यांना पाच दिवस. दिवस कॅलेंडरचे, सुट्या धरून. त्यापुढे रोज 100 रुपये भरपाई, आणि ती तक्रार न करताही बँकेने आपणहून द्यायची आहे. समजा 8 नोव्हेंबरला एटीएममधून पैसे निघाले नाहीत. मुदत 13 ला संपली आणि रक्कम 18 ला आली. 14 ते 18 या पाच दिवसांचे 500 रुपये वेगळ्या ओळीत जमा झालेले दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील तर मागा. एटीएम कुणाचंही असो, तक्रार ज्या बँकेचं कार्ड आहे तिच्याकडेच करायची.

कुणी तुमच्या नकळत पैसे काढले असतील, तर नियम वेगळा, 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाचा. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, आणि बँकेने कळवल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केलीत, तर तुमचा तोटा शून्य. तुम्ही कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची असते, आणि तिचा मूल्य दिनांक अनधिकृत व्यवहाराच्या दिवसाचा असावा असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तो रकाना इथे जरूर तपासा.

लेखी तक्रारीत "पैसे कापले, परत मिळाले नाहीत" एवढंच लिहिलं तर ती दोनदा परत येते. वरची `REV` ओळ आलीच नाही असं धरा, आणि पाच गोष्टी एका वाक्यात अशा द्या: "खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे अमुक, व्यवहार दिनांक 08/11/2025, मूल्य दिनांक 08/11/2025, संदर्भ क्रमांक 531278146203, रक्कम 2,150 नावे, उलट नोंद आजपर्यंत नाही, ती मूळ मूल्य दिनांकाने आणि विलंबाच्या भरपाईसह जमा करावी." सोबत त्या ओळीचं पान जोडा, दोन्ही तारखांचे रकाने दिसतील असं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर हाच मजकूर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे देता येतो. बँकेकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक तिथे लागतो, म्हणून तो पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.